साभार परत आलेला शोधनिबंध दुसरीकडे पाठवताना संदर्भसूची का बिघडते आणि ती कशी दुरुस्त करावी

एका जर्नलने नाकारलेला शोधनिबंध दुसऱ्या जर्नलकडे पाठवताना संदर्भांची शैली बदलावी लागते, आणि नेमक्या याच टप्प्यावर संशोधकांची तीच ती तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. पहिले जर्नल नाव-वर्ष पद्धतीचे, म्हणजे बहुधा एपीए शैलीचे असते. दुसऱ्याला क्रमांकांची व्हँकुव्हर शैली हवी असते. वर्डमध्ये झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या `Document Preferences` मध्ये जाऊन नवी शैली निवडली की काम संपले, अशी समजूत असते. प्रत्यक्षात काही ठिकाणी क्रमांक येतात, तर काही ठिकाणी जुनी नावे आणि वर्षे तशीच राहतात. सूची पहिल्यापेक्षा आखूड होते. एकच लेख दोन क्रमांकांवर दिसतो. एखाद्या संस्थेच्या नावाचे तुकडे होतात. आणि काही वाक्यांना तर अर्थच उरत नाही.

यात झोटेरोचा दोष क्वचितच असतो. शैली बदलताना हा प्रोग्रॅम फक्त त्याने स्वतः दस्तऐवजात घातलेल्या फील्डमधला मजकूर नव्याने लिहितो. हाताने टंकलेल्या संदर्भाला तो हात लावत नाही, फील्डच्या भोवतालचे वाक्य त्याला कळत नाही, आणि ग्रंथसंग्रहात माहिती चुकीची नोंदवलेली असेल तर तीच चूक तो नव्या शैलीत इमानेइतबारे छापतो. जुन्या शैलीत झाकलेली चूक नव्या शैलीत उघडी पडते, एवढाच फरक. त्यामुळे दुरुस्तीचा क्रमही तसाच ठेवावा: आधी सुटलेले संदर्भ, मग वाक्ये, मग ग्रंथसंग्रहातील नोंदी आणि सर्वांत शेवटी क्रमांकांचा क्रम.

मात्र त्याही आधी नव्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात. एल्सव्हिअरची अनेक जर्नले पहिल्या सादरीकरणाच्या वेळी कोणतीही संदर्भशैली चालवून घेतात. संपूर्ण निबंधात ती एकसारखी असावी एवढीच त्यांची अट असते. अशा ठिकाणी शैली बदलण्याचे काम सुधारित प्रत पाठवण्यापर्यंत पुढे ढकलता येते, आणि ते ढकलावेच, असे माझे मत आहे. कारण परीक्षकांच्या सूचनांनंतर संदर्भ बदलणारच असतात. सुटलेले संदर्भ जोडण्याचे काम मात्र तेव्हाही टाळू नये.

सुटलेले संदर्भ शोधणे

उदाहरणासाठी किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयावरचा एक सर्वेक्षणाधारित निबंध घेऊ. समजा, जुन्या एपीए प्रतीत सूचीत ४६ नोंदी होत्या आणि व्हँकुव्हर शैली निवडल्यावर ४१ उरल्या. म्हणजे किमान पाच संदर्भ झोटेरोच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत. ते निबंधात कुठेतरी साध्या मजकुराच्या रूपात पडून आहेत आणि जुन्या सूचीतही बहुधा कोणीतरी ते हातानेच घातले होते.

संदर्भ असे सुटण्याची कारणे ठरलेली असतात. सहलेखकाकडे झोटेरो नसल्याने त्याने आपल्या परिच्छेदातले संदर्भ सरळ टंकलेले असतात; एखादा परिच्छेद पीडीएफमधून किंवा ईमेलमधून उचलून चिकटवलेला असतो; किंवा मधल्या काळात फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून जतन केलेली असते. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे मागील जर्नलकडे पाठवण्यापूर्वी कोणीतरी `Unlink Citations` दाबलेले असते आणि तीच प्रत आता हाताशी असते. या आज्ञेने सगळे फील्ड साधा मजकूर होतात आणि फाइल एकदा बंद केल्यावर ते परत मिळत नाहीत.

एखादा संदर्भ जोडलेला आहे की सुटलेला, हे त्यावर क्लिक करून कळते. जोडलेल्या संदर्भावर वर्ड राखाडी छटा दाखवते, आणि `Alt+F9` दाबल्यास त्याच्या जागी `ADDIN ZOTERO_ITEM` ने सुरू होणारा लांबलचक मजकूर दिसतो. पण चाळीसेक संदर्भांवर एकेक करून क्लिक करत बसण्याची गरज नाही. क्रमांकशैली लावल्यावर सर्व जोडलेल्या संदर्भांचे आकडे झालेले असतात. त्यामुळे नाव-वर्षाच्या रूपात जे काही उरले ते सुटलेलेच, असे समजायला हरकत नाही. वर्डच्या शोधचौकटीत पुढील दोन नमुने एकामागून एक घालावेत. `Use wildcards` या पर्यायावर खूण नसावी.

```
, ^#^#^#^#
(^#^#^#^#)
```

पहिला नमुना स्वल्पविरामानंतर येणारे चार आकडी वर्ष पकडतो, म्हणजे कंसातला पूर्ण संदर्भ. दुसरा वाक्यात लेखकाचे नाव देऊन पुढे फक्त वर्ष कंसात दिलेले संदर्भ पकडतो. मधूनच एखादी तारीखही सापडेल, ती सोडून द्यावी. व्हँकुव्हर सूचीत वर्षाआधी पूर्णविराम असतो, त्यामुळे नव्या सूचीतील नोंदी या शोधात सहसा अडकत नाहीत.

सापडलेले संदर्भ पाच-दहा असतील तर त्या-त्या जागी जुना मजकूर पुसून `Add/Edit Citation` ने संदर्भ नव्याने घालावा. जो लेख संग्रहात नाही, त्याचा डीओआय झोटेरोमधील जादूच्या कांडीच्या चिन्हाखाली चिकटवला की नोंद तयार होते.

सगळेच संदर्भ सुटलेले असतील तर मात्र आधी जुन्या ईमेलमध्ये डोकवावे. सहलेखकांना पाठवलेली, फील्ड शाबूत असलेली एखादी जुनी प्रत बहुतेक वेळा सापडते, आणि ‘रेफरन्स एक्स्ट्रॅक्टर’ हे मोफत साधन अशा वर्ड फाइलमधून झोटेरो किंवा मेंडेलीच्या नोंदी बाहेर काढून देते. अशी प्रतच नसेल तर जुनी छापील सूची क्रॉसरेफच्या ‘सिंपल टेक्स्ट क्वेरी’ या पानावर चिकटवावी. ती प्रत्येक नोंदीचा डीओआय शोधून देते आणि ते सगळे डीओआय एकत्रच झोटेरोत घालता येतात. सरकारी अहवाल, प्रबंध आणि मराठी पुस्तके यांना बहुधा डीओआय नसतो; त्या नोंदी हातानेच कराव्या लागतात. क्रॉसरेफने दिलेला डीओआय आपल्या लेखाचाच आहे ना, हे मात्र जर्नलचे नाव आणि पाने पाहून ताडावे. त्याचे कारण पुढे येते.

अर्थ हरवलेली वाक्ये

नाव-वर्ष पद्धतीत संदर्भ वाक्याचा भाग होऊ शकतो, क्रमांक तसा होऊ शकत नाही. पुढील जोड्या पाहाव्यात.

```
According to (IIPS & ICF, 2021), anaemia has risen...
According to (7), anaemia has risen...

von Elm et al. (2007) recommend that...
von Elm et al. (12) recommend that...
```

दुसरी जोडी नीट उतरली, कारण तिथे लेखकांची नावे वाक्यात टंकलेली होती आणि संदर्भ घालताना त्याच्या बुडबुड्यावर क्लिक करून `Omit Author` निवडले होते. त्या फील्डमध्ये फक्त वर्ष होते, त्याच्या जागी क्रमांक आला. पहिल्या जोडीत कर्ताच कंसात होता, आणि कंसातले पुसले गेल्यावर वाक्य उघडे पडले. एपीएच्या नियमानेही ती रचना चुकीचीच होती, पण तिथे वाचक निभावून नेत असे. अशी वाक्ये हुडकण्यासाठी `to (`, `by (` आणि `in (` असे शोधावे, तसेच पूर्णविरामानंतर लगेच कंस येतो का, हे `. (` ने पाहावे. संस्थेचे किंवा लेखकाचे नाव वाक्यात लिहून क्रमांक त्यापुढे ठेवणे, एवढाच त्यावर उपाय आहे आणि तो हातानेच करावा लागतो.

याच फेरीत शेजारी-शेजारी घातलेले संदर्भही पाहून घ्यावेत. दोन लेखकांनी एकाच वाक्याच्या शेवटी वेगवेगळे संदर्भ घातले असतील तर `(3)(4)(5)` असे दिसते. ते `(3–5)` व्हायचे असेल तर तिन्ही नोंदी एकाच फील्डमध्ये असाव्या लागतात: पहिला संदर्भ उघडून त्यात बाकीचे दोन घालावेत आणि उरलेले फील्ड काढून टाकावेत. नव्या जर्नलला क्रमांक वरच्या बाजूला लहान अक्षरात आणि विरामचिन्हानंतर हवे असतील, तर आणखी एक किरकोळ पण कंटाळवाणे काम उरते. संदर्भाआधीची मोकळी जागा आणि त्यानंतरचा पूर्णविराम हे दोन्ही फील्डच्या बाहेर असल्याने ते आपणच हलवावे लागतात.

एकच लेख दोन क्रमांकांवर

जुन्या प्रतीत `2007a` आणि `2007b` असे दिसत होते आणि नव्या प्रतीत त्याच लेखकांचे दोन क्रमांक आले, तर दोन शक्यता असतात. त्या लेखकांचे त्या वर्षी खरोखर दोन लेख असतील, किंवा एकाच लेखाच्या दोन नोंदी झाल्या असतील. स्ट्रोब निवेदन हे याचे उत्तम उदाहरण आहे. निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत याबद्दलचे हे मार्गदर्शन आपल्या रक्तक्षयाच्या निबंधासारख्या कामात हमखास उद्धृत होते. ते २००७ मध्ये द लॅन्सेट, पीएलओएस मेडिसिन, बीएमजे अशा अनेक जर्नलांत प्रसिद्ध झाले. शीर्षक जवळपास तेच, लेखकही तेच, पण प्रत्येक ठिकाणचा डीओआय वेगळा. एका सहलेखकाने लॅन्सेटमधली प्रत घेतली आणि दुसऱ्याने पीएलओएसमधली, तर सूचीत दोन नोंदी येतात. झोटेरोच्या `Duplicate Items` मध्ये त्या दिसतील, अशी अपेक्षा ठेवू नये. डीओआय वेगळे असले की तो त्यांना वेगळेच लेख मानतो. क्रॉसरेफने दिलेला डीओआय ताडून पाहावा असे वर म्हटले ते याचसाठी. यांपैकी एक प्रत ठरवून निबंधभर तीच वापरावी.

खऱ्या दुबार नोंदी असतील तर त्या `Merge` कराव्यात. एक पुसून टाकू नये. एकत्र केलेल्या नोंदीशी दस्तऐवजातले जुने संदर्भ जोडलेले राहतात, पुसलेल्या नोंदीशी असलेला दुवा मात्र तुटतो. एकत्र करून `Refresh` दाबल्यावरही दोन क्रमांक राहिले, तर त्यांतला एक संदर्भ सहलेखकाच्या स्वतःच्या संग्रहातून आलेला असण्याची शक्यता मोठी. त्या फील्डमध्येच लेखाची माहिती साठवलेली असते, म्हणून तो छापला जातो, पण तुमच्या संग्रहातली दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो काढून आपल्या संग्रहातून पुन्हा घालणे हाच मार्ग. अनेक जण मिळून लिहीत असतील तर सुरुवातीपासूनच झोटेरोतला सामाईक गट वापरलेला बरा.

नोंदींमधील चुका

आता सूचीकडे वळू. स्ट्रोबची नोंद दोन्ही शैलींत अशी दिसायला हवी.

```
von Elm, E., Altman, D. G., Egger, M., Pocock, S. J.,
Gøtzsche, P. C., & Vandenbroucke, J. P. (2007). The
Strengthening the Reporting ... studies. The Lancet,
370(9596), 1453–1457.

von Elm E, Altman DG, Egger M, Pocock SJ, Gøtzsche PC,
Vandenbroucke JP. The Strengthening the Reporting ...
studies. Lancet. 2007;370(9596):1453–7.
```

आद्याक्षरांमधले बिंदू गेले, वर्ष शेवटाकडे सरकले, पाने आखूड झाली. हे सगळे झोटेरो आपोआप करतो. लेखकांची मर्यादाही तोच पाळतो: एपीएच्या सातव्या आवृत्तीत २० लेखकांपर्यंत सगळी नावे येतात, तर व्हँकुव्हर पद्धतीत साधारणपणे पहिले सहा लेखक देऊन पुढे `et al.` लिहितात. स्ट्रोबचे लेखक नेमके सहाच असल्याने इथे सगळे आले. काही जर्नलांना तीनच नावे हवी असतात. म्हणून नुसते ‘व्हँकुव्हर’ निवडून थांबू नये. झोटेरोच्या शैलीसंग्रहात त्या जर्नलच्याच नावाची शैली आहे का, ते आधी पाहावे. या नावाने चालणाऱ्या शैली अनेक आहेत आणि कंस, लेखकांची मर्यादा, डीओआय यांबाबत त्यांच्यात फरक आहेत.

जे आपोआप होत नाही, ते इंग्रजी शीर्षकातल्या मोठ्या अक्षरांचे. व्हँकुव्हर सूचीत फक्त पहिला शब्द आणि विशेषनामे मोठ्या अक्षराने सुरू होतात, पण डीओआयवरून आलेल्या अनेक नोंदींत प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने असतो आणि झोटेरो तो तसाच छापतो. एपीएलाही हाच नियम लागू आहे. मग जुनी सूची बरोबर कशी होती? बहुधा कोणीतरी ती वर्डमध्ये हाताने सुधारली होती, आणि शैली बदलताच ती सुधारणा वाहून गेली. दुरुस्ती संग्रहातच करावी: शीर्षकावर उजवे क्लिक करून `Sentence case` निवडावे आणि लगेच डोळ्यांखालून घालून `Maharashtra`, `Vidarbha`, `NFHS` यांसारखे शब्द जागेवर आहेत ना, हे पाहावे.

जर्नलांच्या संक्षिप्त नावांत घोळ होतो तो एका खुणेमुळे. `Document Preferences` मध्ये मेडलाइनच्या यादीनुसार नावे आपोआप संक्षिप्त करण्याचा पर्याय असतो. त्यावर खूण असेल तर संग्रहातल्या `Journal Abbr` या रकान्याकडे झोटेरो पाहतच नाही. तुम्ही तिथे कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी ते छापले जात नाही. वैद्यकीय जर्नलांपुरते ही खूण ठेवणे सोयीचे असते. पण निबंधात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’सारखी समाजशास्त्राची किंवा प्रादेशिक जर्नले बरीच असतील तर खूण काढून रकाना स्वतः भरावा आणि प्रत्येक नाव एनएलएमच्या कॅटलॉगमध्ये तपासावे, या साप्ताहिकाचे संक्षिप्त नाव तिथे `Econ Polit Wkly` असे आहे.

संस्थांची नावे हा आपल्याकडच्या निबंधांतला नेहमीचा सापळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था प्रसिद्ध करते. हे नाव झोटेरोत आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत गेले असेल तर `Sciences` हे आडनाव ठरते आणि `International Institute for Population` ची आद्याक्षरे होतात. लेखकाच्या रकान्याशेजारच्या लहान चिन्हावर क्लिक करून नाव एकाच रकान्यात आणले की हा प्रश्न सुटतो. माणसांच्या नावांतही असेच होते. जुन्या भारतीय लेखांत आडनाव आधी छापलेले असते, त्यामुळे `Deshpande` हे कधी आडनावाच्या तर कधी नावाच्या रकान्यात जाते. एपीए प्रतीत काही संदर्भांत आडनावाआधी विनाकारण आद्याक्षर दिसत होते का, ते आठवून पाहावे. एकाच व्यक्तीची नावे दोन तऱ्हांनी नोंदवली गेली असतील तर झोटेरो त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती समजून आद्याक्षर लावतो.

तक्त्यांतले क्रमांक

व्हँकुव्हर पद्धतीत पहिल्या उल्लेखाच्या क्रमाने क्रमांक पडतात, आणि झोटेरो ते दस्तऐवजातल्या जागेवरून ठरवतो. तक्ते मात्र निबंधाच्या शेवटी ठेवायचे असतात किंवा वेगळ्या फाइलमध्ये पाठवायचे असतात. वैद्यकीय जर्नल-संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशीनुसार, फक्त तक्त्यात किंवा आकृतीच्या मथळ्यात आलेल्या संदर्भांना तो तक्ता किंवा ती आकृती मजकुरात जिथे प्रथम उल्लेखिली आहे, त्या जागेनुसार क्रमांक मिळायला हवेत. तक्ता १ चा उल्लेख संदर्भ क्र. ९ नंतर येत असेल आणि त्यात दोन नवे संदर्भ असतील तर ते १० आणि ११ व्हायला हवेत. तक्ता शेवटी ठेवला तर ते सूचीच्या तळाशी जातात. आणि वेगळ्या फाइलमध्ये टाकला तर तिथे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात, जे उघडच चुकीचे आहे.

म्हणून काम चालू असेपर्यंत प्रत्येक तक्ता त्याच्या पहिल्या उल्लेखानंतर लगेचच, त्याच फाइलमध्ये ठेवावा. सर्व सहलेखकांचे बदल स्वीकारून झाल्यावर एकदा `Refresh` करावे आणि फाइलची दुसरी प्रत काढावी. `Unlink Citations` या दुसऱ्या प्रतीवरच चालवावे, आणि फील्ड साधा मजकूर झाल्यावर तक्ते कापून शेवटी किंवा वेगळ्या फाइलमध्ये न्यावेत. आता क्रमांक हलणार नाहीत. जोडलेली मूळ प्रत निराळ्या नावाने जपून ठेवावी, कारण परीक्षकांनी एक संदर्भ वाढवायला सांगितला तरी बदल तिच्यातच करावा लागेल.

पाठवण्याआधी जुनी ४६ नोंदींची सूची आणि नवी सूची शेजारी-शेजारी ठेवून जुन्यातली प्रत्येक नोंद नव्यात कुठे गेली, यावर खूण करत जावे. नुसती संख्या जुळली म्हणून समाधान मानू नये. एक दुबार नोंद निघून गेली असेल आणि एक सुटलेला संदर्भ जोडला गेला असेल, तर आकडा तोच राहतो. आपल्या उदाहरणात स्ट्रोबची जादा प्रत वगळल्यावर ४५ नोंदी हव्यात. ४४ आल्या तर न सापडलेल्या लेखाच्या पहिल्या लेखकाच्या आडनावाने मजकुरात शोध घ्यावा. ते टंकलेले सापडले तर तो संदर्भ अजून सुटलेला आहे. न सापडले तर तो लेख पहिल्या प्रतीतही कुठे उद्धृत न होता नुसताच सूचीत राहिला होता, आणि तो तिथून गेला हे योग्यच झाले.